आकडा हिरवा, पण गोलंदाज सुरक्षित आहे का?

जसप्रीत बुमरा २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळला आणि 'वर्कलोड' हा शब्द घरोघरी पोहोचला. आता तो अकादम्यांच्या सादरीकरणातही दिसतो. गेल्या महिन्यात अशाच एका सादरीकरणाला मी बसलो होतो. पडद्यावर वेगवान गोलंदाजांची यादी, प्रत्येकासमोर एक आकडा आणि हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. शेवटी 'काही प्रश्न?' असं विचारलं गेलं. एका पालकांनी फी विचारली, बाकी सगळे गप्प. मीही गप्पच बसलो, आणि तेच खटकत राहिलं.

हा आकडा येतो कुठून?

या आठवड्यात टाकलेले चेंडू भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी. याला 'अॅक्यूट-क्रॉनिक रेशो' म्हणतात. २०१४मध्ये ऑस्ट्रेलियात २८ वेगवान गोलंदाजांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की भार अचानक वाढला की पुढच्या आठवड्यात दुखापतीचं प्रमाण वाढतं. २०१६मध्ये टिम गॅबेट यांच्या लेखाने ०.८ ते १.३ हा सुरक्षित पट्टा आणि १.५च्या पुढे धोका, असं चित्र लोकप्रिय केलं. स्लाइडवरचे रंग बहुतेक वेळा तिथूनच येतात.

समजा, एका मुलाने तीन आठवडे प्रत्येकी १०० चेंडू टाकले आणि चौथ्या आठवड्यात २५०. चार आठवड्यांची सरासरी १३७.५, म्हणून रेशो १.८. पण सरासरीत हा आठवडा धरलाच नाही, फक्त आधीचे तीन धरले, तर रेशो २.५ येतो. मुलगा तोच, चेंडू तेवढेच. म्हणून पहिला प्रश्न: चालू आठवडा सरासरीत धरलाय का? धरला असेल तर तोच आकडा भागाकारात वर आणि खालीही बसतो, आणि दोन्हींचं नातं थोडं आपोआपच तयार होतं. इंजिनीअरिंगला असा ग्राफ लावला असता तर आमच्या सरांनी वही परत केली असती.

आणखी एक गंमत बघा. दुखापतीमुळे तीन आठवडे बाहेर असलेला मुलगा परतला. त्याने ६ चेंडू टाकले तरी रेशो ४ आणि ३०० टाकले तरीही ४. म्हणजे ज्याला सर्वाधिक जपायचं, त्याच्याबाबत हे सूत्र काहीच सांगत नाही. परतणाऱ्यांसाठी तुम्ही काय वापरता, हे विचारायलाच हवं.

दुखापत कोणती, आणि कधीची?

सगळ्या दुखापती एकाच रकान्यात टाकल्या असतील तर सावध व्हा. मांडीचा स्नायू त्याच दिवशी ताणला जाऊ शकतो. कमरेच्या मणक्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर मात्र हळूहळू तयार होतं, आणि वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांना त्याचाच धोका मोठा. २००९च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात एका सामन्यात ५०पेक्षा जास्त षटकं टाकणाऱ्यांमध्ये पुढचे तीन-चार आठवडे दुखापतीचं प्रमाण जास्त दिसलं. तुमचा तक्ता फक्त पुढचाच आठवडा बघत असेल, तर महिन्याने आलेली कंबरदुखी त्याला 'अचानक' वाटेल.

'धोका चौपट' हे वाक्य आलं तर 'कितीच्या चौपट?' असं विचारा. शंभरात एकाचे चार होणं वेगळं आणि वीसाचे ऐंशी होणं वेगळं.

मोजलं कुणी?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी सरावानंतर मुलाला 'किती दमलास?' असं ० ते १०मध्ये विचारतात आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणतात. ९० मिनिटांच्या सरावाला मुलगा ७ म्हणाला तर भार ६३०, ४ म्हणाला तर ३६०. आता निवड चाचणी दोन दिवसांवर असताना आणि निवड करणारेच प्रशिक्षक समोर उभे असताना कोणता मुलगा ७ म्हणेल? उत्तर कोण घेतं, एकट्यात घेतं का आणि ते कुणाला दिसतं, हे विचारल्याशिवाय त्या ग्राफवर विश्वास ठेवू नये, असं माझं मत आहे.

चेंडू मोजणं त्यापेक्षा सोपं, पण तेही कुणाचे? सादरीकरणानंतर पार्किंगमध्ये यादीतल्या एका 'हिरव्या' मुलाशी बोललो. अकादमीच्या नोंदीत त्याचे चारही आठवडे प्रत्येकी १२० चेंडू, रेशो बरोबर १. मात्र त्याच रविवारी तो क्लबकडून १२ षटकं टाकून आला होता. ते ७२ चेंडू धरले तर आठवडा १९२चा होतो, सरासरी १३८ आणि रेशो जवळपास १.४. क्लबच्या सामन्याबद्दल त्याला कुणी विचारलं होतं का? 'नाही दादा, सर फक्त इथले नेट्स लिहितात.'