मंदावलेल्या सेवेची कसोटी

बँकांमध्ये आपत्तीची तालीम म्हटली, की मुख्य संगणक केंद्र थांबवून पर्यायी केंद्रावरून व्यवहार चालवून पाहिले जातात. ही तालीम आवश्यकच आहे. परंतु ती पुरेशी नाही. बंद पडलेली यंत्रणा तत्काळ लक्षात येते; मंदावलेली यंत्रणा मात्र इतरांनाही आपल्यासोबत अडकवून ठेवते. म्हणूनच एखादी पूरक सेवा हेतुपुरस्सर संथ करून पाहणे, हाही तालमीचा नियमित भाग असावयास हवा.

कल्पना करावी, की एका प्रणालीत एका वेळी २०० विनंत्या हाताळता येतात. दर सेकंदाला निधी हस्तांतरणाच्या ५० विनंत्या येतात आणि प्रत्येकीस ०.२ सेकंद लागतो. म्हणजे सरासरी १० जागाच व्यापलेल्या असतात. रक्कम वर्ग झाल्याचा एसएमएस बाहेरील सेवेमार्फत जातो. त्या सेवेने उत्तरास ३० सेकंद लावले, तर अवघ्या ४ सेकंदांत सर्व २०० जागा भरतात. मग त्याच प्रणालीवर केवळ शिल्लक पाहू इच्छिणारा ग्राहकही ताटकळतो.

प्रतीक्षेला कालमर्यादा घालणे हा यावरील उपाय. मात्र मर्यादा ५ सेकंदांची असेल, तर सुमारे २६० जागा लागतील आणि प्रणाली कोलमडेलच. २ सेकंदांची असेल, तर ११० जागांत काम भागेल. संदेश रांगेत राहील आणि व्यवहार पूर्ण होईल. कागदावर दोन्ही मर्यादा सारख्याच सुरक्षित भासतात. भेद कसोटीतच उघड होतो.

नेटफ्लिक्स या कंपनीने २०११ मध्ये असा कृत्रिम विलंब निर्माण करणारे ‘लेटन्सी मंकी’ हे साधन जाहीर केले होते. बँकेने मात्र आरंभ चाचणी प्रणालीवरच करावा. विलंब टप्प्याटप्प्याने वाढवावा, व्यापलेल्या जागा व पूर्ण झालेले व्यवहार मोजावेत आणि कोणत्या आकड्यावर प्रयोग थांबवावयाचा, हे आधीच ठरवावे. सेवा पूर्ववत झाल्यावरही निरीक्षण चालू ठेवावे. कारण साचलेले संदेश एकदम सुटले, तर तीच सेवा पुन्हा गुदमरू शकते.

या सौम्य माघारीलाही सीमा आहेत. व्यवहाराची सूचना उशिरा गेली तरी चालते. ओटीपीची पडताळणी मात्र वगळता येत नाही. तेथे स्पष्ट शब्दांत नकार देणे हेच योग्य. तसेच समोरच्या बँकेचे उत्तर वेळेत आले नाही, म्हणजे व्यवहार फसला असे नव्हे. अशा वेळी त्याच संदर्भ क्रमांकाने स्थिती तपासली जाते, की रक्कम दुसऱ्यांदा वजा होते, हे कसोटीत आवर्जून पाहावे. सेवा काही काळ थांबल्यास ग्राहक समजून घेतो. दोनदा वजा झालेली रक्कम तो सहजासहजी विसरत नाही.