पत्रात दोन्ही नावे हवीत

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एकजण सौदी अरेबियात यानबूला वारला. वेल्डर होता. रात्री खोलीवर जेवून झोपला, तो सकाळी उठलाच नाही. बातमी आली दुपारी, आणि संध्याकाळी त्याचा थोरला भाऊ माझ्याकडे आला. “सर, इंग्रजीत एक पत्र लिहून द्या.” कॉलेजात शिकवणाऱ्याला गल्ली अर्ज लिहिण्याचे काम हक्काने सांगते, त्यात नवे काही नाही. पण हे पत्र लिहिताना मला विद्यार्थी व्हावे लागले.

पहिला प्रश्न, पत्र कोणाला? कंपनीचे मुख्य कार्यालय रियाधला, म्हणून भावाच्या मनात तिथली भारतीय वकिलात होती. परंतु कंपनी कुठली हे इथे बघायचे नसते, मृत्यू कुठे झाला ते बघायचे असते. यानबू पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे जेद्दाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे. तो माणूस दम्मामला वारला असता तर रियाध बरोबर ठरले असते.

दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. दूतावासाला नुसती विनंती चालत नाही, वारसाचे संमतीपत्र लागते. स्टँप पेपरवर, नोटरीसमोर. अंत्यविधी तिथेच करायचा की देह भारतात आणायचा, हे त्यात स्पष्ट लिहायचे. आणायचा असेल तर तिथली कागदपत्रे कोण पुरी करणार, त्याला अधिकार द्यायचा. साधारणपणे कंपनीचा माणूस किंवा तिथलाच एखादा ओळखीचा. या कागदावर दूतावास ना हरकत दाखला देतो, आणि मग पोलिसांचे पत्र, देहाची रासायनिक जपणूक, विमानात जागा ही कामे पुढे सरकतात. तेव्हा भावाने कितीही धावपळ केली तरी सही पत्नीचीच हवी होती.

आणि तिथेच अडले. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्नीचे नाव असते. ते होते माहेरचे. वहिनींचे माहेर बैलहोंगलकडचे, कन्नड घर. आमच्याकडे लग्नात नाव बदलले, आधार कार्डावर सासरचे नाव आले. परदेशातल्या कारकुनाला या दोन निराळ्या बायका! नवऱ्याचेही तसेच. पासपोर्टवर त्याचे आणि वडिलांचे नाव, आडनावाची जागा मोकळी. रेशनकार्डावर मात्र आडनाव. (आपल्या सीमाभागात घरोघरी हीच तऱ्हा. नाव मराठीतून कन्नडात, तिथून इंग्रजीत जाईपर्यंत एखादे अक्षर हमखास वाढते.) वकिलांनी उपाय सांगितला. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करायचे, आणि संमतीपत्रातही दोन्ही लिहायची. मृताचे नाव मात्र पासपोर्टवर आहे अगदी तसेच, पासपोर्ट क्रमांकासह.

नोटरीकडे वहिनींनी हळूच विचारले, “सर, सही कन्नडदल्लि माडला?” म्हटले, करा, आधीच्या कागदांवर जशी केली आहे तशीच करा.

एक वाक्य मी भावाच्या मसुद्यातून खोडले. “आमची दुसरी कोणतीही मागणी नाही,” असे त्याने नम्रपणे घातले होते. देह आणण्याचा खर्च मालकाने करावा, असे सौदीचा कामगार कायदाच सांगतो. राहिलेला पगार आणि सेवेची रक्कम हा तर निराळा हक्क. तो नम्रतेच्या भरात का सोडावा? मालक हात वर करील आणि घरची ऐपत नसेल, तर दूतावासाकडे २००९पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. मदत हवी असल्यास तसे पत्रातच मागावे.

विमान कंपनीचे पत्र त्या मानाने छोटे. जेद्दाहून मुंबईला थेट विमान मागितले. गोवा जवळ खरे, पण वाटेत विमान बदलायचे तर शवपेटी मध्येच अडकण्याची भीती. इथे ताब्यात घेणाऱ्याचे नाव त्याच्या ओळखपत्रावर आहे तसे आणि फोन नंबर लिहिला. मृत्यूचा दाखला, दूतावासाचा ना हरकत दाखला, रद्द केलेला पासपोर्ट, देह जपल्याचा आणि पेटी सीलबंद केल्याचा दाखला, यांच्या प्रती विमान सुटण्याआधीच आम्हाला पाठवा, अशी विनंती केली. कारण मुंबई विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी त्यांवरच मिळते. २०२३पासून त्यासाठी ई-केअर नावाचे सरकारी पोर्टल आहे.

तरीही भावाची मंडळी मुंबईत प्रवासी बाहेर येतात त्या दारात दोन तास उभी राहिली. देह मालवाहतुकीच्या विभागात उतरतो. तो निराळ्या रस्त्याला, निराळ्या फाटकातून. हे मी आधी सांगायला हवे होते. मलाही तेव्हाच कळले.

अठराव्या दिवशी पहाटे गाडी गल्लीत आली. पेटीवरच्या कागदावर पासपोर्टवरचेच नाव होते, आडनावाविना. वहिनींनी ते एकदा वाचून घेतले, आणि मग पेटी आत नेऊ दिली.