पाणी योजनेचा अहवाल दीडशे पानांचा, ग्रामसभेत वाचलं जातं एक पान. त्या पानावर काय हवं?

जलजीवन मिशनची मुदत आधी २०२४ पर्यंत होती. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. म्हणजे अर्धवट राहिलेल्या आणि सुधारित योजनांची अंदाजपत्रकं अजून काही वर्षं ग्रामसभांपुढे येत राहणार.

ग्रामसभेत काय होतं ते गावकऱ्यांना माहीत आहे. सविस्तर अहवालाची जाडजूड फाईल टेबलावर असते. त्यातलं कोणीतरी एक पान वाचून दाखवतं: योजनेचं नाव, किंमत, टाकी किती लिटरची, नळ किती. मग 'मंजूर का?' असं विचारलं जातं आणि हात वर होतात. दोन वर्षांनी टाकी उभी राहते, नळ बसतात आणि एप्रिलात टँकर येतो. तेव्हा सगळे कंत्राटदाराकडे बोट दाखवतात. कधी दोष त्याचा असतोही. पण बरेचदा दोष अहवालातल्या एका गृहीतकात असतो आणि ते गृहीतक त्या एका पानावर आलेलंच नसतं.

अहवालाचा सारांश पाच भागांत करावा: उद्देश, व्याप्ती, गृहीतकं, खर्च आणि लागणारी मान्यता. समजण्यासाठी एक गाव धरू. लोकसंख्या २,४००, घरं ४८०. गाव आणि आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. हिशेबाची रीत मात्र प्रत्येक गावाला लागू होते.

उद्देश: मोजता येईल असा

'गावाला शुद्ध व मुबलक पाणी देणे' हा उद्देश नाही, ती घोषणा झाली. मिशनचं माप ठरलेलं आहे: प्रत्येक घरात चालू नळ, माणशी दररोज किमान ५५ लिटर, पिण्यायोग्य प्रतीचं आणि नियमित पाणी. म्हणून पानावर असं लिहायचं: '४८० घरांना दररोज, उन्हाळ्यातसुद्धा, माणशी ५५ लिटर.' 'उन्हाळ्यातसुद्धा' हा शब्द लिहिला की पुढचे सगळे आकडे त्याच्याशी ताडून बघता येतात.

व्याप्ती: काय आहे आणि काय नाही

काय बांधणार हे सगळेच सांगतात: विहीर, पंपघर, विहिरीपासून टाकीपर्यंतची ऊर्ध्ववाहिनी, जलकुंभ, गल्लीतली पाइपलाइन, नळजोडण्या. सारांशात त्याखाली 'यात नाही' अशी दुसरी यादी हवी.

आपल्या उदाहरणात ४८० घरांपैकी ४० घरं मळ्यात, दीड किलोमीटरवरच्या वस्तीवर आहेत. नकाशावर पाइपलाइन गावठाणाच्या वेशीपाशी संपते, तरी एकूण नळांच्या आकड्यात ही घरं धरलेली आहेत. हे ओळखायचं कसं? अहवालातला नकाशा आणि घरांची यादी शेजारी ठेवून वस्तीवरची दोन-चार नावं शोधायची. यादीत नाव आहे पण नकाशावर रेघ नाही, तर प्रश्न तिथेच विचारायचा.

दुसरी गोष्ट जनावरांची. ५५ लिटर हे माणसाच्या घरगुती वापरासाठी आहेत, त्यात गोठा धरलेला नाही. दुभती जनावरं जास्त असतील तिथे नळाचं पाणी गोठ्यात जाणारच आणि टाकी लवकर रिकामी होणार. 'जनावरांचं पाणी यात नाही' ही एक ओळ सारांशात असली तर गाव हौदाची वेगळी सोय तरी बघेल.

गृहीतकं: खरी मेख इथे

अशा योजना साधारण तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून आखतात. उदाहरणात ती ३,२०० धरली आहे. माणशी ५५ लिटरप्रमाणे १,७६,००० लिटर झाले. त्यात गळतीचे १५ टक्के मिळवले की दिवसाला सुमारे २ लाख लिटर पाणी लागणार. इथपर्यंत हिशेब चोख आहे.

आता उद्भव म्हणजे पाण्याचा स्रोत बघू. अहवाल म्हणतो, पाझर तलावाखालची विहीर तासाला २०,००० लिटर देते; दहा तास पंप चालला की २ लाख लिटर. आकडा जुळला. पण ही क्षमता चाचणी कोणत्या तारखेची? डिसेंबरची. तेव्हा तलाव भरलेला असतो. एप्रिलात तलाव आटतो आणि चोवीस तासांत विहिरीत ७०,००० लिटरच पाणी येतं, असं धरू. त्यातली १५ टक्के गळती वजा जाता ५९,५०० लिटर उरतात. ते आजच्या २,४०० माणसांत वाटले तर माणशी २५ लिटरही होत नाहीत. म्हणजे उद्देशाच्या निम्मंही नाही, आणि तेही आजच्या लोकसंख्येला. टाकी कितीही मोठी बांधली तरी यात फरक पडणार नाही.

म्हणून सारांशात गृहीतक लिहिताना चार गोष्टी लिहायच्या: काय धरलं, कशावरून धरलं, कधी तपासलं आणि ते चुकलं तर काय होईल. उदाहरणार्थ: 'विहीर दिवसाला २ लाख लिटर देईल. आधार: डिसेंबरमधील चाचणी. उन्हाळ्यात चाचणी झालेली नाही. पाणी कमी पडल्यास दुसरा उद्भव लागेल, त्याचा खर्च यात धरलेला नाही.' उद्भवाची शाश्वती तपासण्याचं काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं असतं. त्यांचं प्रमाणपत्र फाईलला आहे का आणि त्यावरची तारीख कोणती, एवढं बघायला इंजिनिअर असावं लागत नाही.

दुसरं गृहीतक विजेचं. पंप दहा तास चालेल असं धरलंय. जोडणी शेतीच्या फीडरवर असेल आणि दिवसा आठ तासच वीज मिळत असेल, तर डिसेंबरातसुद्धा १,६०,००० लिटरच चढेल. जोडणी गावठाण फीडरवर की शेतीच्या, हे अहवालात लिहिलेलं नसेल तर वायरमनला विचारून पानावर लिहून घ्यायचं.

खर्च: बांधायचा वेगळा, चालवायचा वेगळा

उदाहरणातल्या योजनेची किंमत १ कोटी ४० लाख. यातले सर्वांत जास्त ४६ लाख गल्लीतल्या पाइपलाइनला आणि ३१ लाख ऊर्ध्ववाहिनीला आहेत. विहिरीला फक्त १२ लाख. उद्भव कच्चा निघाला तर बाकीचा सगळा पैसा कोरड्या पाइपात अडकतो, हे या तीन आकड्यांतूनच दिसतं.

गावाचा वाटाही असतो. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी धरलेली आहे. डोंगराळ-जंगली भागात आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ती ५ टक्के आहे. ती रोख, वस्तू किंवा श्रमदानातून देता येते. इथे सगळं काम गावांतर्गत धरलं तर १४ लाख, म्हणजे घरटी सुमारे २,९०० रुपये.

चालवायच्या खर्चाला सारांशात हमखास फाटा मिळतो. साडेसात अश्वशक्तीचा पंप ताशी साधारण ७ युनिट खातो असं धरू. दहा तासांचे ७० युनिट, महिन्याचे २,१००. युनिटला ७ रुपये धरले तर महिना १४,७०० आणि वर्षाला १,७६,४०० रुपये. गावाने इथे आपल्या बिलावरचा दर घालावा. पाणी सोडणाऱ्याचं मानधन ७२,००० आणि टीसीएल पावडर, दुरुस्ती वगैरे ६०,००० धरले, की वर्षाचा खर्च ३,०८,४०० रुपये. ४८० घरांवर वाटला तर घरटी ६४२.

ग्रामपंचायत म्हणेल, मग ७०० रुपये पाणीपट्टी ठेवू. सगळ्यांनी भरली तर ठीक. पण वसुली ६० टक्के झाली तर २८८ घरांचे २,०१,६०० रुपये येतात आणि १,०६,८०० ची तूट पडते. हे जवळपास सात महिन्यांचं वीजबिल झालं. थकबाकीत वीज तुटली की योजना बंद, मग विहिरीत पाणी असो वा नसो. म्हणून सारांशात 'पाणीपट्टी ७००' एवढंच न लिहिता 'मागच्या वर्षीची खरी वसुली किती टक्के' हेही लिहायचं.

मान्यता: कोणाची, कशासाठी

'योजना मंजूर' हा एकच शब्द अनेक गोष्टी झाकतो. तांत्रिक मान्यता म्हणजे आराखडा आणि दर बरोबर आहेत. प्रशासकीय मान्यता म्हणजे इतका पैसा खर्च करायला परवानगी आहे. पैसा हातात आलाय असा अर्थ दोन्हींचा होत नाही. जागेची बाब तर वेगळीच. टाकी खासगी जागेत असेल तर तोंडी शब्दावर भागत नाही, कागद लागतो. पाइपलाइन मोठा रस्ता ओलांडत असेल किंवा वनहद्दीतून जात असेल तर त्या त्या खात्याची परवानगी लागते. यातलं काय मिळालं आणि काय बाकी आहे, हे पानावर तारखेसह हवं.

ग्रामसभेकडून नेमकं काय मागितलंय हे शेवटी लिहायचं. आपल्या उदाहरणात ते चार ठराव होतात: लोकवर्गणी किती आणि कशी, पाणीपट्टी किती, टाकीची जागा कोणती आणि मळ्यातली ४० घरं आत की बाहेर. चारही ठराव वेगवेगळे घ्यावेत. सगळ्यांना मिळून एकदाच हात वर केला की नंतर कशाला होकार दिला होता हेच कोणाला सांगता येत नाही.

आणि पाचवा ठराव अटीचा घेता येतो: 'विहिरीची क्षमता चाचणी एप्रिल-मे महिन्यात पुन्हा घ्यावी, तोवर टाकी व पाइपलाइनचं काम सुरू करू नये.' यामुळे योजना काही महिने लांबेल आणि निधी परत जाईल अशी भीतीही कोणी घालेल. ती भीती अगदीच खोटी नाही, म्हणून अट कामाआधीच, फाईल ग्रामसभेत आली त्याच दिवशी घालायला हवी. हा निर्णय गावानेच करायचा आहे. तो करताना समोर ६४२, ६० टक्के आणि माणशी २५ लिटर हे तीन आकडे तरी असावेत. प्रत्येक गावाचे आकडे वेगळे निघतील. ते काढायला अहवालाची फाईल, मागचं वीजबिल आणि पाणीपट्टीचं वसुली रजिस्टर पुरतं. हे तिन्ही ग्रामपंचायतीच्या कपाटात असतात.