शाखेचे खाते विक्रीदराने लिहावे



ऊसविकासाच्या कामात लागणीच्या वेळी खत शाखेवरून उचलले जाते आणि उधारी पुढे ऊसबिलातून कापली जाते. म्हणून शाखेचा हिशोब केवळ हिशोबनिसाचा विषय नाही, असे आम्ही मानतो.

मुख्य कचेरी प्रत्येक शाखेचे एक खाते ठेवते. सुरुवातीची शिल्लक, पाठविलेला माल व खर्च नावे पडतो. आलेला भरणा, राहिलेली उधारी व शिल्लक माल जमा होतो. फरक तो नफा किंवा तोटा. वरवर हे पुरेसे वाटते. पण माल खरेदीदराने लिहिला, तर एक गोष्ट दडून राहते.

समजा, रिसोडच्या शाखेत २० पोती शिल्लक होती आणि वर्षात २०० पोती गेली. खरेदी पोत्यामागे १००० रुपये, विक्री ११०० रुपये. रोखीने १०० व उधारीवर ८० पोती विकली. गोदामात ४० पोती असायला हवीत. मोजली तर ३७ निघाली. खरेदीदराच्या खात्यात १५,००० रुपये नफा दिसतो आणि सगळे खूश! खरा नफा १८,००० होता. ३,००० तुटीने गुपचूप खाल्ले. भाडे-मजुरी यातून वेगळी जाते.

आता तोच माल विक्रीदराने लिहा. एकूण २,४२,००० रुपयांचा माल. रोख विक्री १,१०,०००, उधारी ८८,०००, म्हणजे ४४,००० चा माल उरलाच पाहिजे. मोजणीत ४०,७०० चाच भरला. ३,३०० ची तूट आकड्यातच बोलते. दर मध्येच बदलला, तर उरलेल्या पोत्यांचा फरक त्याच दिवशी लिहावा. नाहीतर खोटी तूट किंवा खोटी वाढ दिसेल. आणि उरलेल्या ३७ पोत्यांवरचे ३,७०० रुपये नफ्यात धरू नयेत, कारण ती पोती अजून विकलेलीच नाहीत.

रोकडीचेही तसेच. शाखेने ३१ मार्चला बँकेत भरलेली रक्कम कचेरीच्या वहीत २ एप्रिलला येते. ती ‘वाटेतील रोकड’ म्हणून दाखवावी. पण चलनाशिवाय हे नाव मान्य करू नये.

मात्र या पद्धतीलाही मर्यादा आहे. कोणी सभासदाच्या नावे खोटी उधारीची पावती फाडली, तर खाते बरोबर जुळते आणि पैसे त्या शेतकऱ्याच्या ऊसबिलातून जातात! ही चोरी वही पकडत नाही, सभासदच पकडतो. म्हणून कोऱ्या पावतीवर सही करू नका, आणि कपातीचा आकडा आपल्या पावत्यांशी ताडून पहा.

आमचे स्पष्ट मत असे की, वार्षिक अहवालात सर्व शाखांचा एकत्र नफा छापण्याऐवजी शाखावार तूट स्वतंत्र छापावी, आणि ३१ मार्चची मोजणी त्या शाखेबाहेरच्या माणसाने, दोन सभासदांसमक्ष करावी.