सीपीआय १.०० असलेले अहवाल फाडून टाका

गेल्या दोन महिन्यांत संपादकांच्या टपालात एकाच विषयावरची पत्रे येत आहेत. पूल-रस्त्यांची कामे देणाऱ्या एका मोठ्या कार्यालयाने परिपत्रक काढले आहे. त्यानुसार प्रत्येक मासिक प्रगती अहवालासोबत नियोजित मूल्य, अर्जित मूल्य, सीपीआय आणि एसपीआय द्यायचे आहेत, तेही ठेकेदाराने दाखल केलेल्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर. सीपीआय ०.९५ च्या खाली गेला तर सात दिवसांत खुलासा द्यायचा. आपल्या क्षेत्रात अर्जित मूल्याची पद्धत सक्तीची व्हावी ही या मासिकाची जुनी मागणी आहे. त्यामुळे परिपत्रकाचे स्वागत करण्याच्या तयारीनेच आम्ही सोबतचा नमुना उघडला.

त्या नमुन्यात अर्जित मूल्याच्या रकान्याखाली सूत्र छापले आहे: अंदाजपत्रकीय रक्कम गुणिले भौतिक प्रगतीची टक्केवारी. हे बरोबर आहे. पण भौतिक प्रगतीच्या रकान्याखालचे सूत्र आहे: आजवरचा खर्च भागिले अंदाजपत्रकीय रक्कम. दोन्ही सूत्रे एकत्र केली की अर्जित मूल्य म्हणजेच आजवरचा खर्च. मग सीपीआय काढण्यासाठी त्याला पुन्हा आजवरच्या खर्चानेच भागायचे. काम नदीत वाहून गेले तरी उत्तर १.०० च येणार. ज्याने हा नमुना तयार केला आणि ज्या तीन टेबलांवरून तो सही होऊन पुढे गेला, त्यांपैकी एकानेही एकदा आकडे घालून पाहिले नाहीत.

एका वाचकाने आपल्या कामाचा आठव्या महिन्याचा, म्हणजे मे अखेरचा अहवाल पाठवला आहे. गावाचे आणि नदीचे नाव गाळून तो इथे मांडतो. सात गाळ्यांचा पूल, मुदत १८ महिने, खर्चाचे अंदाजपत्रक २० कोटी. त्यात ४८ पाइल, प्रत्येकी १० लाख. सहा पियर व दोन अ‍ॅबटमेंट मिळून आठ आधार, पाइल कॅपसह प्रत्येकी ५० लाख. २८ गर्डर, प्रत्येकी २० लाख. सात गाळ्यांचा स्लॅब आणि उरलेले जोडरस्ते, कठडे वगैरे प्रत्येकी २.८ कोटी. मे अखेर सर्व पाइल, सर्व आधार आणि १२ गर्डर व्हायचे होते. म्हणजे नियोजित मूल्य ११.२ कोटी.

पुस्तकी खर्च ९.६ कोटी. नमुन्याप्रमाणे भौतिक प्रगती ४८ टक्के, अर्जित मूल्य ९.६ कोटी, सीपीआय १.००, एसपीआय ०.८६. शेरा: ‘प्रगती समाधानकारक, विलंब भरून काढण्यात येईल.’ मागच्या सातही अहवालांत सीपीआय १.०० आहे. मोजलेल्या कामाचा निर्देशांक ओळीने आठ महिने दोन दशांशांपर्यंत हलत नसेल, तर ते काम कोणी मोजलेलेच नाही, एवढे त्यावरून खात्रीने सांगता येते.

आता मेजरमेंट बुक उघडू. पूर्ण पाइल ४४, आधार ५, गर्डर ८. अंदाजपत्रकातल्याच दराने त्यांचे मूल्य ४.४ अधिक २.५ अधिक १.६, म्हणजे ८.५ कोटी. अर्धवट उभ्या आधारांना आम्ही इथे काहीही दिलेले नाही. शटरिंग लागले म्हणून पंचवीस टक्के, सळई बांधली म्हणून चाळीस टक्के अशी नजरेने दिलेली टक्केवारीच पुढे ‘नव्वद टक्के झाले’ म्हणत महिनोन्‌महिने रेंगाळते. घटक लहान असेल तर पूर्ण झाल्यावरच पूर्ण मूल्य द्यावे, हा नियम कठोर वाटतो, पण तो भांडणे मिटवतो.

खर्चाच्या बाजूलाही दुरुस्ती लागते. ९.६ कोटींत यार्डात पडून असलेली सळई आणि केबल ८० लाखांची आहे. ती कामात गेलेली नाही, म्हणून वजा. उलट पाइलिंगच्या पोटठेकेदाराचे, क्रेनचे आणि डिझेलचे मिळून १.२ कोटींचे काम झाले आहे, पण बिले यायची आहेत, ती मिळवायची. ज्या कामाचे मूल्य धरले त्याच कामाचा खर्च धरला पाहिजे. प्रत्यक्ष खर्च आला १० कोटी. सीपीआय ०.८५. एसपीआय ०.७६.

आता खरे प्रश्न विचारता येतात. दीड कोटी जास्त कुठे गेले? घटकवार पाहिले तर ४४ पाइलना ४.४ कोटींऐवजी ५.५ कोटी लागले. अंदाजपत्रकात खडक सरासरी १२ मीटरवर धरला होता, तो १५ वर लागला. हाच मुद्दा नमुन्यात कधीच दिसणार नाही, आणि मीटरवर मोजले तर खऱ्या पद्धतीतही दिसणार नाही. १५ मीटर पाइलला १५ मीटरचे मूल्य दिले की सगळे आलबेल. पण पुलाला एक पाइल हवा होता आणि एक पाइलच मिळाला. वरच्या तीन मीटरनी पूल पुढे सरकला नाही. म्हणून मूल्य मूळ बेसलाइनच्या परिमाणावर द्यायचे. वाढीव परिमाणाला रीतसर मंजुरी मिळाली की मगच बेसलाइन बदलायची, तोवर फरक उघडा दिसू द्यायचा.

परिपत्रक काढणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. आयटम-रेट करारात जास्त खोलीचे पैसे ठेकेदाराला मीटरप्रमाणे मिळतात. इथला तोटा त्याच्या ढिलाईचा नाही, बोअरहोल कमी घेतल्याचा आहे. त्यासाठी ०.९५ ची रेघ आखून ठेकेदाराकडून खुलासा मागणे म्हणजे आजारी माणसाला सोडून थर्मामीटरला जाब विचारणे. कार्यालयाने पहिल्या दहा पाइलनंतरच वाढीव परिमाणाचा प्रस्ताव वरती पाठवायला हवा होता. आता तो पावसाळ्यात जाईल आणि मंजुरी येईपर्यंत आरए बिल अडकून राहील. कार्यालयाच्या स्वतःच्या हिशेबात तर सीपीआय असाही आपोआप एकच्या आसपास राहतो, कारण मोजले तेवढेच करारदराने दिले जाते. परिमाण मूळ अंदाजाशी ताडून पाहिले तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

उरलेल्या कामाचा अंदाजही असाच विचार करून बांधावा लागतो. २० कोटींना ०.८५ ने भागून २३.५३ कोटी लिहिणे सोपे आहे आणि बहुतेक सॉफ्टवेअर तेच करते. पण त्यात गृहीत आहे की पुढचे कामही याच गुणोत्तराने महाग पडेल. पाइल तर चारच उरलेत. ते साडेबारा लाखांनी धरले तर पाइलचा पूर्ण खर्च ६ कोटी. बाकीच्या कामात ४.१ कोटींच्या मूल्याला ४.५ कोटी लागले, म्हणजे सीपीआय ०.९१, त्या गतीने १५.२ कोटींचे काम १६.६८ कोटींना जाईल. एकूण २२.६८ कोटी. दोन अंदाजांत पंच्याऐंशी लाखांचा फरक आहे, आणि दुसरा अंदाज कुठे लक्ष घालायचे तेही सांगतो: पाइल सोडून जे चाळीस लाख जास्त गेले, ते शटरिंगच्या भाड्यात गेले की कास्टिंग यार्डात, हे याच महिन्यात शोधा.

एसपीआयबद्दल मात्र सावध राहा. ०.७६ हा आकडा वाईट आहे, पण परिस्थिती त्याहून वाईट आहे. राहिलेले चारही पाइल मधल्या पियरचे, नदीच्या मुख्य धारेतले आहेत. त्यांचे मूल्य फक्त चाळीस लाख, एकूण कामाच्या दोन टक्के. जूनमध्ये पाणी चढण्यापूर्वी ते झाले नाहीत तर रिग पावसाळा संपून पाणी ओसरल्यावरच उतरेल, आणि त्या पियरच्या दोन्ही बाजूंचे गाळे तोवर थांबतील. दरम्यान यार्डात गर्डर ओतत राहिले तर अर्जित मूल्य वाढत जाईल आणि एसपीआय सुधारल्यासारखा दिसेल. कोणते काम कशाला अडवते हे रुपयांना कळत नाही. त्यामुळे एसपीआयशेजारी क्रिटिकल पाथवरच्या कामांची वेगळी ओळ हवीच. शिवाय कितीही रखडलेले काम पूर्ण झाले की अर्जित आणि नियोजित मूल्य सारखेच होते, म्हणून शेवटच्या टप्प्यात हा निर्देशांक एककडे जातो आणि विलंब लपवतो.

खुलाशाच्या धाकाने काय होते याचा मोठा धडा अमेरिकेच्या संरक्षण खात्याने घेतलेला आहे. १९६७ पासून तिथे ही पद्धत निकष ठरवून सक्तीची आहे. तरीही नौदलाच्या ए-१२ विमानाचा प्रकल्प जानेवारी १९९१ मध्ये संरक्षणमंत्री डिक चेनी यांना रद्द करावा लागला. आधी झालेल्या चौकशीत दिसले की खर्च मर्यादेबाहेर चालल्याचे सांगणारे आकडे अहवालांत होते, पण ते वजन देऊन वर पोचले नव्हते. आपल्या परिपत्रकाने तर त्याहून पुढची मजल मारली आहे. इथे आकडे अहवालात शिरण्याचीच सोय नाही.

पण सगळा दोष कार्यालयावर ढकलून आपल्याला सुटता येणार नाही. पत्रे पाठवणाऱ्या बहुतेकांनी तक्रार केली आणि नमुना तसाच भरून दिला. काहींनी तर विचारले आहे की १.०० ऐवजी ०.९८ लिहिले तर जास्त खरे वाटेल का. अशा प्रश्नाला या मासिकात उत्तर मिळणार नाही. प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून सही करताना तुम्हाला माहीत असते की साइटवर पाच आधार उभे आहेत आणि कागदावर त्याहून जास्त कामाचे मूल्य लागले आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढचा अहवाल पाठवण्यापूर्वी एवढे करा. नमुना त्यांच्या सूत्राने भरा, कारण तो आदेश आहे. पण सोबत एक पान जोडा: घटक, मूळ परिमाण, मूळ दर, मेजरमेंट बुकातले पूर्ण परिमाण, त्यावरून अर्जित मूल्य, आणि न आलेली बिले व यार्डातला साठा धरून काढलेला प्रत्यक्ष खर्च. खाली परिमाणवाढीचे कारण आणि ती प्रथम कोणत्या तारखेला कळवली तो जावक क्रमांक लिहा. मुदतवाढ मागण्याची वेळ येईल तेव्हा हेच पान तुमच्या बाजूने उभे राहील.

आणि त्या पानाची एक प्रत, कामाचे व कार्यालयाचे नाव झाकून, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापर्यंत पुरेशी पाने जमली तर ती सूत्रदुरुस्तीच्या मागणीसह संबंधित मुख्य अभियंत्यांच्या टेबलावर ठेवू. भौतिक प्रगतीच्या रकान्याखालचे सूत्र काढून तिथे ‘मेजरमेंट बुकानुसार’ हे शब्द टाकावेत आणि ०.९५ ची नोटीस घटकवार कारण पाहिल्यावरच निघावी, एवढ्या दोनच मागण्या त्यात असतील.