तलफ आणि दहा मिनिटांची चाल

व्यसनमुक्तीवर आम्ही शिक्षक मंडळी बोलतो तेव्हा बहुधा निर्धाराची भाषा करतो. निर्धार हवाच, परंतु तंबाखू सोडणाऱ्या माणसाचा खरा कसोटीचा क्षण शपथ घेतानाचा नसतो. तो दुपारी जेवण झाल्यावर, हात आपोआप खिशाकडे जातो तेव्हा येतो. त्या क्षणी नेमके काय करावे, याचे उत्तर उपदेशात सापडत नाही. व्यायामाच्या संशोधनात मात्र त्याचे एक चांगले, पण मर्यादित उत्तर आहे. त्याच्या मर्यादेसह ते सांगावे, असे आम्हांस वाटते.

गेल्या पंचवीस वर्षांत, विशेषतः ब्रिटनमध्ये, मायकेल अशर, एड्रियन टेलर आदी संशोधकांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे. प्रयोगाची पद्धत साधी असते. धूम्रपान करणाऱ्यांना काही तास सिगारेटपासून दूर ठेवायचे, त्यांच्या तलफेला अंक द्यायला सांगायचे, मग काहींना चालायला किंवा सायकल मारायला लावायचे आणि काहींना स्वस्थ बसवायचे. चालणाऱ्यांची तलफ स्पष्टपणे उतरते, असे या प्रयोगांत वारंवार दिसून आले. ती व्यायाम चालू असतानाच उतरू लागते आणि व्यायाम थांबल्यावरही साधारण वीस मिनिटे, कधी त्याहून अधिक काळ, उतरलेली राहते. एक्झेटर विद्यापीठाच्या 2007 सालच्या एका प्रयोगात पंधरा मिनिटे झपझप चालून आलेल्यांनी पुढची सिगारेट पेटवण्यास, बसून राहिलेल्यांपेक्षा सरासरी 57 मिनिटे अधिक लावली.

यासाठी घाम गाळणारी कसरत लागत नाही. मध्यम वेगाची हालचाल जोरकस व्यायामाइतकीच उपयोगी ठरते. अगदी संथ हालचालीचा परिणाम मात्र कमी पडतो. मध्यम वेग ओळखण्यास यंत्र नको. चालताना सोबत्याशी वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी दम लागण्याची पातळी पुरे. मिनिटाला सुमारे शंभर पावले, म्हणजे दहा मिनिटांत हजार पावले. जागा सोडता येत नसेल तर खुर्चीत बसून तळहात एकमेकांवर दाबणे, मांड्या व पोटऱ्यांचे स्नायू आळीपाळीने ताणून सोडणे, यानेही काही प्रयोगांत आराम मिळाला आहे. तो अधिक अल्पकाळ टिकतो. हे करताना श्वास रोखू नये.

आता या ज्ञानाचा उपयोग कसा होतो आणि कोठे अडतो, ते एका उदाहरणावरून पाहू. आमच्या वसतिगृहात शिकून गेलेला एक विद्यार्थी आज चाळिशीत आहे. सूतगिरणीत नोकरी आणि दिवसाला अठरा बिड्या. सोडायचे ठरवून तो आमच्याकडे आला. पहाटे उठून पाऊण तास धावायचे, असा त्याचा बेत होता. आम्ही त्यास विचारले, ‘‘तलफ कोणत्या वेळी येते?’’ त्याने बोटांवर मोजले: सकाळच्या चहानंतर, दुपारच्या डब्यानंतर, पाळी सुटताना आणि रात्री जेवल्यावर. पहाटेच्या धावण्याचा परिणाम चहापर्यंत जेमतेम टिकला असता. दुपारच्या डब्याशी त्याचा काही संबंध नव्हता. म्हणून पाऊण तास एकदम खर्च करण्याऐवजी आम्ही त्याचे चार तुकडे केले. प्रत्येक ठरलेल्या वेळी, तलफ शिगेला पोहोचण्यापूर्वीच, दहा मिनिटे झपझप चालायचे. खिशात एक छोटी वही ठेवायची. निघताना तलफेला एक ते सात यांपैकी एक अंक द्यायचा, परतल्यावर दुसरा आणि वीस मिनिटांनी तिसरा.

दुसऱ्या दिवसाच्या नोंदी बोलक्या होत्या. डब्यानंतर निघताना सहा, परतल्यावर तीन, वीस मिनिटांनी तीन. पाळी सुटतानाचा अंक मात्र सहावरून सहावरच राहिला. कारण विचारता कळले की, त्या वेळची चाल गिरणीच्या फाटकापासून नाक्यावरच्या पानटपरीवरून जात होती. चालण्याने जे मिळवले, ते टपरीने तेथल्या तेथे परत घेतले. रस्ता बदलला आणि अंकही उतरू लागला. बहुतेकांचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण असतात आणि चिडचिड, अस्वस्थता ओसरण्यास दोन ते चार आठवडे लागतात; हे त्यास आधीच सांगितल्यामुळे तो घाबरला नाही. तरीही अकराव्या दिवशी एका लग्नात, मित्रांच्या घोळक्यात, त्याने बिडी ओढली. वहीत त्या संध्याकाळची नोंदच नव्हती.

येथेच आम्हांस मुख्य मुद्दा मांडायचा आहे. चालणे तलफ उतरवते. ते व्यसन सोडवते, असे सिद्ध झालेले नाही. ही दोन विधाने एक नव्हेत. कॉक्रेन या संस्थेने 2019 साली 24 चाचण्यांचा, सात हजारांहून अधिक लोकांचा, एकत्रित आढावा घेतला. सोडण्यासाठीच्या नेहमीच्या साहाय्यास व्यायामाची जोड दिल्याने सहा महिन्यांनंतर अधिक लोक मुक्त राहतात, असा पुरावा त्यात मिळाला नाही. अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या 281 स्त्रियांच्या एका चाचणीत, आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली जोरकस व्यायाम करणाऱ्यांत वर्षअखेर सुमारे 12 टक्के मुक्त राहिल्या, इतरांत सुमारे 5 टक्के. परंतु असे यश पुढे सातत्याने मिळाले नाही. आमच्या मते याचे एक कारण उघड आहे. ठरावीक वेळचा व्यायाम आणि अवेळी येणारी तलफ यांची गाठ पडतेच असे नाही. शिवाय अनेकांनी नेमून दिलेला व्यायाम मध्येच सोडला.

म्हणून त्या विद्यार्थ्यास आम्ही 1800112356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेवर समुपदेशन घ्यायला लावले आणि निकोटिनच्या च्युइंगगमबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यायला पाठवले. चालणे सोडले नाही. ते या दोहोंच्या सोबतीला ठेवले. लग्नघरी तलफ आली तर मांडवातून उठून दहा मिनिटे बाहेर पडायचे, हेही आता ठरलेले आहे. पाच महिने झाले, बिडी बंद आहे. पुढचे तोच सांगू शकेल.

आणखी एक मर्यादा आमच्या भागासाठी महत्त्वाची आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 4 टक्क्यांच्या आत आहेत, तर तंबाखू, खर्रा यांसारखे धूरविरहित पदार्थ वापरणारे 24 टक्क्यांवर. वरील प्रयोग बहुतांशी सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेले आहेत. निकोटिन तेच, म्हणून चालण्याचा उपयोग खर्रा खाणाऱ्यासही व्हावा, हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. तो करून पाहण्यात खर्च नाही, पण वहीतील अंक उतरत नसेल तर त्यावर विसंबू नये. हृदयविकार, छातीत दुखणे वा वाढलेला रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि वैशाखातील दुपारी उन्हात न जाता सावलीच्या व्हरांड्यात फेऱ्या माराव्यात.

पालकांस आणि माजी विद्यार्थ्यांस आमची सूचना एवढीच आहे. घरात कोणी तंबाखू सोडत असेल, तर जेवण झाल्यावर त्यास उपदेश करू नका. चप्पल घाला आणि दहा मिनिटे त्याच्याबरोबर चालून या. टपरीचा रस्ता तेवढा टाळा.