दाराबाहेरचा टीव्ही

टपालातलं एक पत्र यावेळी इथेच घेते.

‘नवरा ४४ वर्षांचा. वर्षभर जवळ येत नाही. मला झोप लागेपर्यंत बाहेर टीव्ही पाहत बसतो. माझं काही चुकतंय का?’

ताई, स्वतःत खोट शोधू नका. असं बाहेर बसून राहण्यामागे अनेकदा ‘पुन्हा जमलं नाही तर?’ ही धास्ती असते. पहाटे ताठरता येते का, हे त्यांना विचारा. येत असेल तर कारण बहुधा ताण किंवा धास्ती. तीही थांबली असेल तर साखर आणि रक्तदाब तपासायलाच हवेत. मधुमेहाची पहिली चाहूल कधीकधी इथेच लागते.

इच्छाच आटली असेल तर नैराश्य, त्यावरच्या काही गोळ्या किंवा कमी टेस्टोस्टेरॉन हे कारण असू शकतं. टेस्टोस्टेरॉन तपासायला रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यावं. आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्यांकडे तर फिरकूच नये!

हा विषय अंथरुणात काढू नका. संध्याकाळी फिरताना एवढंच म्हणा, “तुमची आठवण येते. डॉक्टरांकडे मीही येते.”